अर्धा आलेख काढायचा, अर्धा फिरवायचा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी कलनशास्त्र शिकवतो. त्यातला वक्ररेखनाचा भाग मुलांना लांबलचक वाटतो, कारण एका आलेखासाठी दोन-दोन पानं हिशेब करावा लागतो. परिमेय फल आलं, म्हणजे अंशातही बहुपदी आणि छेदातही बहुपदी, की ही पानं आणखी वाढतात. पण पुस्तकात येणाऱ्या अशा फलांपैकी पुष्कळ फलं सम किंवा विषम असतात, आणि तसं असेल तर निम्मा हिशेब करायचीच गरज नसते. वर्गात शिकवताना याबद्दल जे हाताला लागलं ते इथे लिहितो आहे. उदाहरण शक्यतो एकच ठेवतो: y = x³/(x² − 1).

१. सममितीची तपासणी सगळ्यात आधी.

पुस्तकात पायऱ्यांचा क्रम साधारण असा असतो: प्रांत, अक्षांना छेदणारे बिंदू, सममिती, अनंतस्पर्शी रेषा, पहिला विकलज, दुसरा विकलज. सममिती तिसऱ्या क्रमांकावर असते, आणि मुलं ती शेवटी कधीतरी उरकतात, किंवा आलेख काढून झाल्यावर "हा सममित दिसतोय" अशी नोंद करतात. एव्हाना त्या नोंदीचा उपयोग संपलेला असतो. मी ती पहिल्या ओळीत आणतो.

x च्या जागी −x घाला. f(−x) हे f(x) इतकंच आलं तर फल सम, आणि आलेख Y-अक्षाभोवती सममित. f(−x) हे −f(x) आलं तर फल विषम, आणि आलेख आरंभबिंदूभोवती सममित. आपल्या उदाहरणात (−x)³ म्हणजे −x³, आणि (−x)² − 1 म्हणजे पुन्हा x² − 1. अंशाचं चिन्ह बदललं, छेद तसाच राहिला. म्हणून फल विषम.

एवढं लिहून झालं की पुढची प्रत्येक पायरी फक्त x ≥ 0 साठी करायची. ऋण बाजूला एकही किंमत काढायची नाही आणि चिन्हांचा तक्ताही फक्त उजव्या अर्ध्या रेषेचा मांडायचा. तपासणीला अर्धं मिनिट लागतं. फल सम किंवा विषम नाही असं निघालं तर तेवढं अर्धं मिनिट गेलं, बाकी काही नाही.

२. अंश आणि छेद वेगवेगळे बघा, आणि आधी सामाईक अवयव काढून टाका.

बहुपदीत x चे सगळे घात सम असतील तर ती सम, सगळे विषम असतील तर विषम. इथे एक जागा नेहमी निसटते: स्थिर पद हे x⁰ चं पद आहे, म्हणजे ते सम घातात मोडतं. x³ + x विषम आहे, पण x³ + 1 ना सम ना विषम. "तीन विषम, एकही विषम" असा हिशेब करून मुलं तिला विषम ठरवतात. घात बघायचे असतात, सहगुणक नव्हे, हे मी फळ्यावर दरवर्षी नव्याने लिहितो.

मग भागाकाराचा नियम चिन्हांच्या नियमासारखाच चालतो. सम भागिले सम किंवा विषम भागिले विषम असेल तर फल सम. एक सम आणि दुसरी विषम असेल तर फल विषम. उलट बाजूनेही हे खरं आहे, पण एका अटीवर: अंश-छेदात सामाईक अवयव उरलेला नसावा. कारण असं, की P/Q सम किंवा विषम असेल तर P(−x)Q(x) = ± P(x)Q(−x). P आणि Q यांच्यात सामाईक काही नसेल तर Q(x) ने Q(−x) ला नि:शेष भागलं पाहिजे. दोघांची कोटी एकच, म्हणून Q(−x) हे Q(x) ची स्थिर पट असणार, आणि सर्वांत मोठ्या घाताचं पद पाहिलं तर ही पट +1 किंवा −1 च असू शकते. म्हणजे Q स्वतः सम किंवा विषम निघते, आणि तिच्यामागोमाग P सुद्धा.

अवयव सामाईक उरला असेल तर मात्र रूप फसवं असतं. हे फल बघा: (x⁴ − x³)/(x³ − x² − x + 1). अंशात सम-विषम घात मिसळलेले, छेदातही तसेच. घातांवर नजर टाकून "दोन्ही नाही" असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण अवयव पाडा. अंश x³(x − 1), छेद (x − 1)(x² − 1). हे आपलंच x³/(x² − 1) आहे, आणि ते विषम आहे.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. एखादी संख्या घालून बघायची, f(1) आणि f(−1) एकमेकांच्या उलट आले की फल विषम म्हणायचं. (x² + x − 1)/(x² + 1) घ्या. f(1) = 1/2, f(−1) = −1/2, अगदी विषमासारखं. पण f(2) = 1 आणि f(−2) = 1/5. एका संख्येने सममिती नाकारता येते, सिद्ध करता येत नाही. सिद्ध करायला −x च घालावा लागतो.

३. उजवा अर्धा भाग निवांत आणि पूर्ण करा.

निम्मं काम वाचलं आहे, तर उरलेलं निम्मं घाईत करू नये. इथली प्रत्येक चूक दुसऱ्या बाजूलाही जशीच्या तशी उमटते.

x = 0 ला f(0) = 0. विषम फल शून्याला व्याख्यित असेल तर ते आरंभबिंदूतून जाणारच, कारण f(0) = −f(0) ही अट फक्त शून्य पाळतं. ते व्याख्यित नसेल, जसं (x² + 1)/x मध्ये, तर लघुतम रूपातल्या परिमेय फलाला Y-अक्ष हीच उभी अनंतस्पर्शी रेषा असते. तिसरा पर्याय नाही. विषम परिमेय फलाचा तुमचा आलेख Y-अक्षाला 1 वर किंवा −2 वर छेदत असेल, तर चूक झाली आहे हे तिथल्या तिथे कळतं.

उजव्या बाजूला छेद फक्त x = 1 ला शून्य होतो. 1 च्या अलीकडे, समजा 0.9 ला, अंश 0.729 आणि छेद −0.19, म्हणजे किंमत साधारण −3.8. पलीकडे 1.2 ला 1.728 भागिले 0.44, म्हणजे साधारण 3.9. डावीकडून येताना वक्र खाली −∞ कडे जातो आणि उजवीकडून बघितला तर वर +∞ कडे.

दूरच्या वागण्यासाठी भागाकार करायचा: x³/(x² − 1) = x + x/(x² − 1). उरलेलं पद x मोठा होताना शून्याकडे जातं, म्हणून y = x ही तिरपी अनंतस्पर्शी रेषा. शिवाय x > 1 असताना ते पद धन आहे, म्हणजे वक्र रेषेच्या वरच्या बाजूने तिच्याकडे येतो. ही "वरच्या बाजूने" नोंद लिहून ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

आता विकलज. भागाकाराच्या सूत्राने अंशात 3x²(x² − 1) − 2x⁴ येतं, म्हणजे

f′(x) = x²(x² − 3)/(x² − 1)²

इथे क्षणभर थांबायचं. विषम फलाचा विकलज सम असतो आणि सम फलाचा विषम. वरच्या विकलजात सगळे घात सम आहेत, म्हणजे निदान या कसोटीला तो उतरला. कंस सोडवताना एखादं x किंवा x³ चं सुटं पद अंशात शिल्लक राहिलं असतं तर चूक तिथेच उघडी पडली असती. या तपासणीला वेगळा हिशेब लागत नाही, नजर फिरवली की झालं. दुसऱ्या विकलजातही तेच: f″(x) = 2x(x² + 3)/(x² − 1)³, आणि तो विषम आहे, जसा असायला हवा.

उजव्या बाजूला f′ शून्य होतो 0 ला आणि √3 ला. 0 आणि 1 च्या मध्ये x² − 3 ऋण आहे, म्हणून वक्र उतरता. 1 पासून √3 पर्यंतही उतरता, आणि √3 नंतर चढता. √3 ला स्थानिक लघुतम, किंमत 3√3/2, साधारण 2.6. जोडीला दोन बिंदू घ्या: 2 ला 8/3 आणि 3 ला 27/8. दुसरा विकलज 0 ते 1 मध्ये ऋण आहे, म्हणून तिथे वक्र खालच्या बाजूला वाकलेला. 1 नंतर धन, म्हणून वरच्या बाजूला वाकलेला. उजवा अर्धा भाग झाला.

४. आरंभबिंदूभोवती सममिती म्हणजे आरसा नव्हे.

सगळ्यात जास्त गुण याच जागी जातात. मुलं "विषम" असं बरोबर लिहितात, उजवा भाग बरोबर काढतात, आणि मग हात सवयीने Y-अक्षाच्या पलीकडे आरशातली प्रतिमा काढतो. डावी शाखा वरच जाते.

मी वर्गात ट्रेसिंग पेपर घेऊन जातो. आलेखाच्या कागदावर उजवा भाग काढायचा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून तो गिरवायचा, कर्कटकाचं टोक आरंभबिंदूवर दाबून धरायचं आणि वरचा कागद अर्धा फेरा फिरवायचा. धन X-अक्ष ऋण X-अक्षावर येऊन बसला की गिरवलेला भाग जिथे दिसतो तिथेच डावी बाजू. एकदा हे हाताने केलं की पुढे कागद लागत नाही, डोळ्यांपुढे तो आपोआप फिरतो.

मग कोणती नोंद कशी बदलते ते एकेक बघून घ्यायचं. उजवीकडचा लघुतम बिंदू (√3, 2.6) डावीकडे (−√3, −2.6) वर जातो, आणि तिथे तो महत्तम होतो. "y = x कडे वरच्या बाजूने" याचं "खालच्या बाजूने" होतं. वक्रता उलटते: −1 च्या डावीकडे वक्र खालच्या बाजूला वाकलेला, −1 ते 0 मध्ये वरच्या बाजूला. त्यामुळे आरंभबिंदूवर वक्रता पालटते, म्हणजे तो नतिपरिवर्तन बिंदू, आणि f′(0) = 0 असल्याने तिथली स्पर्शिका X-अक्षच.

चढ-उतार मात्र बदलत नाही, आणि मुलांना हेच अवघड वाटतं. उजवीकडे 1 ते √3 मध्ये वक्र उतरता असेल तर डावीकडे −√3 ते −1 मध्येही तो उतरताच. फिरवताना आडवं अंतर आणि उभं अंतर दोन्ही चिन्ह बदलतात, त्यामुळे त्यांचा भागाकार, म्हणजे चढ, तोच राहतो. विकलज सम असतो याचं हे चित्ररूप आहे. म्हणून आरंभबिंदूवर f′ शून्य असूनही तिथे ना महत्तम ना लघुतम: वक्र उतरत येतो, क्षणभर आडवा होतो आणि उतरतच जातो. विषम फलाला आरंभबिंदूवर महत्तम किंवा लघुतम कधीच नसतो, निरंतर शून्य असलेलं फल सोडलं तर.

५. दोन्ही उभ्या अनंतस्पर्शी रेषांची तुलना करून बघा.

डावी बाजू बरोबर फिरवली आहे की नाही, हे ओळखण्याची माझी खूण अशी. आंशिक अपूर्णांक पाडले तर

x³/(x² − 1) = x + ½·1/(x − 1) + ½·1/(x + 1)

दोन्ही अपूर्णांकांचे सहगुणक सारखेच, +½. म्हणून x = 1 ला जे घडतं तेच x = −1 ला घडतं: डाव्या अंगाला खाली, उजव्या अंगाला वर. विषम फलात छेदाचा असा साधा, एकघाती अवयव असेल तर दोन्ही रेषांजवळचं चित्र डावीकडून उजवीकडे वाचताना एकसारखं दिसतं. सम फलात सहगुणकांची चिन्हं उलट येतात, जसं 1/(x² − 1) मध्ये +½ आणि −½, आणि चित्रं एकमेकांची आरशातली प्रतिमा होतात.

अवयव वर्गात असेल तर गोष्ट वेगळी. x/(x² − 1)² हेही विषम आहे, पण 1 च्या दोन्ही अंगांना वक्र वर जातो आणि −1 च्या दोन्ही अंगांना खाली. खूण वापरण्याआधी घात बघून घ्यावा.

६. सम फलात काम आणखी सोपं, पण Y-अक्षावरचा सांधा नीट काढा.

y = 8/(x² + 4) हा वक्र मारिया आन्येझी हिने १७४८ साली मिलानमध्ये छापलेल्या कलनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे, आणि आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. योगायोग असा, की ऑयलरचा 'इंट्रोडक्टिओ' हा ग्रंथही त्याच साली निघाला, आणि सम-विषम फलांची व्याख्या त्याच्या पहिल्याच प्रकरणात आहे.

उजव्या बाजूला (0, 2) पासून वक्र X-अक्षाकडे उतरत जातो, आणि x = 2/√3 ला y = 3/2 असताना वक्रता बदलते. डावीकडे आरशातली प्रतिमा. इथे घडणारी चूक म्हणजे (0, 2) वर टोक काढणं, जणू दोन रेषा येऊन मिळाल्या आहेत. सम फलाचा विकलज विषम असतो, म्हणून तो शून्याला व्याख्यित असेल तर तिथे शून्यच असणार. वक्र Y-अक्ष ओलांडताना आडवाच असतो. सम परिमेय फल शून्याला व्याख्यित असेल तर (0, f(0)) ला स्पर्शिका आडवी, हे कोणताही हिशेब न करता लिहिता येतं.

७. प्रांत सममित नसेल तर सममितीचं विधान अपुरं.

x³/(x² − 1) च्या अंशाला आणि छेदाला (x − 2) ने गुणा. फल होतं (x⁴ − 2x³)/(x³ − 2x² − x + 2). अवयव काटले की पुन्हा तेच x³/(x² − 1), पण आता x = 2 प्रांतात नाही आणि x = −2 आहे. काटेकोरपणे बघितलं तर हे फल विषम नाही, कारण f(−2) आहे आणि f(2) नाही. आलेख मात्र फिरवूनच काढायचा, फक्त (2, 8/3) वर पोकळ वर्तुळ दाखवायचं आणि (−2, −8/3) वर भरीव बिंदू. उत्तरात "(2, 8/3) वगळता आरंभबिंदूभोवती सममित" एवढं लिहिलं की पुरे. मागे x − 1 हा अवयव काटला तेव्हा हा प्रश्न आला नाही, कारण 1 आणि −1 दोन्ही तसेही प्रांताबाहेर होते.

८. केंद्र दुसरीकडे असू शकतं.

x²/(x − 1) ची तपासणी केली तर फल ना सम ना विषम. पण भागाकार करा: x + 1 + 1/(x − 1). दोन अनंतस्पर्शी रेषा दिसतात, x = 1 आणि y = x + 1. त्या (1, 2) ला छेदतात. आता u = x − 1 आणि v = y − 2 घ्या. समीकरण होतं v = u + 1/u, आणि हे विषम आहे. आलेख (1, 2) भोवती सममित आहे. कर्कटकाचं टोक आरंभबिंदूऐवजी तिथे रोवायचं, आणि फक्त x > 1 ची बाजू काढायची.

u > 0 साठी लघुतम u = 1 ला, म्हणजे (2, 4) वर. फिरवलं की महत्तम u = −1 ला, म्हणजे (0, 0) वर. पडताळा घ्यायचा तर या दोन बिंदूंचा मध्यबिंदू काढा, तो (1, 2) च आला पाहिजे, आणि येतो.

ही युक्ती कुठवर चालते हेही सांगायला हवं. वर द्विघाती आणि खाली एकघाती बहुपदी असेल, आणि भागाकारात बाकी शून्य नसेल, तर ती नेहमी चालते, कारण उत्तर रेषा अधिक k/(x − a) असंच येतं. एकघाती भागिले एकघाती असेल तरी हेच, तिथे रेषा आडवी असते. छेद द्विघाती झाला की खात्री नाही. 1/(x − 1) + 2/(x + 1) घ्या: दोन उभ्या रेषा x = 1 आणि x = −1, म्हणून केंद्र असलंच तर ते x = 0 वर हवं, आणि आडवी अनंतस्पर्शी रेषा X-अक्ष, म्हणून ते आरंभबिंदूच हवं. पण सहगुणक 1 आणि 2 सारखे नाहीत, त्यामुळे f(0) = 1 येतं, शून्य नाही. इथे केंद्र नाही, आणि दोन्ही बाजूंचा हिशेब पूर्ण करण्यावाचून गत्यंतर नाही.